बागेतला नळ स्पिंडलमधनं आणि पाईपच्या जोडातनं परत परत गळतो, वायसर बदलूनही थांबत नाही

अंगणातल्या, बागेतल्या नळाची ही तक्रार इतक्या घरांत ऐकू येते की एकदा नीट सविस्तर लिहून टाकतो. तक्रार साधारण अशी असते, नळ बंद असला की एक थेंब पडत नाही, पण चालू करून पाईप लावला की मुठीच्या खालनं, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा दांडा, स्पिंडल, जिथनं बाहेर येतो तिथनं पाणी झिरपायला लागतं, मनगटावरनं कोपरापर्यंत येतं, आणि खाली पाईप जोडलाय तिथनं वेगळी पिचकारी. मग प्लंबर येतो, वायसर बदलतो, पैसे घेतो, दोन दिवस बरं चालतं आणि परत तेच.

पहिली गोष्ट ही, की वायसर आणि स्पिंडलची गळती यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वायसर असतो आत, नळाच्या पोटात, सीटवर, म्हणजे पाणी जिथनं वर येतं त्या भोकाच्या कडेवर बसणारा. त्याचं काम एकच, नळ बंद केल्यावर पाणी अडवायचं. तो खराब झाला की नळ बंद असताना तोंडातनं टिपटिप होते. स्पिंडलच्या भोवती जे पाणी अडवतं ते पॅकिंग, ते वरती ग्लँड नटच्या खाली असतं, आणि पाण्याच्या वाटेत ते वायसरच्या पुढं येतं. म्हणजे नळ बंद असताना पॅकिंगपर्यंत पाण्याचं प्रेशर पोचतच नाही. म्हणून पॅकिंग पार गेलेलं असलं तरी बंद नळ कोरडा ठणठणीत दिसतो. गळती नळ बंद असताना आहे का चालू असताना, एवढं बघितलं तरी निम्मं निदान झालं. बंद असताना तोंडातनं गळतंय तर वायसर किंवा सीट, चालू असताना मुठीखालनं येतंय तर पॅकिंग, चालू असताना खालच्या जोडातनं येतंय तर तिथलं वेगळं वायसर किंवा क्लिप. तीन जागा, तीन वेगळी कामं.

आता बागेच्याच नळाला हे का होतं, न्हाणीतल्या नळाला का नाही? न्हाणीतल्या नळाचं तोंड मोकळं असतं. नळ सोडला की पाणी खाली बादलीत पडतं, नळाच्या आत प्रेशर उरतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळं पॅकिंग ढिलं असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. बागेच्या नळाला पुढं पन्नास फूट पाईप, आणि हल्ली तर पाईपच्या टोकाला ती दाबायची गन. गन सोडली की पाणी थांबलं, पण नळ उघडाच आहे, म्हणजे टाकीपासनं गनपर्यंत सगळ्या पाण्याचं प्रेशर नळाच्या अंगात आणि पाईपच्या जोडावर बसतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचं दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो प्रेशर पडतं. दुमजली घराच्या गच्चीवर टाकी असेल तर खालच्या नळाला पाऊण ते एक किलो येतंच. आकडा ऐकायला मोठा नाही, पण गन बंद करून माणूस चहाला गेला की तेवढं प्रेशर पॅकिंगवर आणि जोडावर तासभर बसून राहतं.

आमच्या शेजारच्या काकांकडचा नळ याचं अगदी नमुनेदार उदाहरण आहे. पितळी अर्ध्या इंची नळ, खाली पाईप लावायचं नोजल, भिंतीतनं जमिनीपासनं दोन-अडीच फुटांवर. काका म्हणाले, "अरे वायसर तर नवं घातलंय की, मग गळतंय कुठनं?" मी म्हटलं, काका, नळ सोडा, गन दाबून धरा. दाबून धरली, पाणी झाडावर चाललंय, मुठीखाली नुसता ओलावा. मग म्हटलं आता गन सोडा. सोडली आणि लगेच स्पिंडलभोवती पाण्याचं कडं उभं राहिलं, गळून खाली यायला लागलं, आणि जोडातनं बारीक धार थेट काकांच्या धोतरावर. गन दाबली की कमी, सोडली की जास्त, हे बघितल्यावर वायसरचा विचार करायचं कारणच उरत नाही. ज्यांच्याकडं गन नाही त्यांनी पाईपच्या टोकावर अंगठा दाबून बघायचं, तेच दिसतं.

खोलण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघायचा. मुठीखाली दोन नट दिसतात. वरचा लहान, स्पिंडलला लागून, तो ग्लँड नट. त्याच्या खालचा मोठा, तो नळाचं डोकं अंगात बसवणारा. मोठ्याला हात लावायचा नाही, लाईन चालू असताना तो सुटला तर कारंजं होतं आणि मग टाकीचा व्हॉल बंद करायला गच्चीवर पळापळ. नळ चालू, गन बंद, अशा अवस्थेत लहान नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पाव आट्यापेक्षाही कमी फिरवायचा. गळती थांबली आणि मूठ अजून हातानं आरामात फिरतीय, तर काम झालं, पुढचं काही करू नका. पण नट आवळला की मूठ जाम होते आणि सैल केला की गळतं, किंवा नट पार तळाला टेकलाय तरी गळतंय, तर पॅकिंग संपलंय. तिथं जोर लावून काही मिळत नाही. उलट मूठ जाम झाली की घरातली माणसं पकड लावून फिरवतात आणि स्पिंडलला दात पडतात, ते दात पुढं नवीन पॅकिंग कापून खातात.

काकांचा नट तळाला गेलेला होता. मग खोलायला घेतला. टाकीखालचा व्हॉल बंद केला, नळ उघडून पाईपमधलं पाणी जाऊ दिलं. ज्यांचा बागेचा नळ थेट म्युन्सिपाल्टीच्या लाईनीवर आहे त्यांनी मीटरजवळचा कॉक बंद करायचा, नुसतं "आत्ता पाण्याची वेळ नाही" या भरवशावर नळ खोलून ठेवायचा नाही, पाणी कधी लवकर सुटेल सांगता येत नाही. मुठीवरची रंगीत टोपी नखानं किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरनं काढली की खाली स्क्रू दिसतो, तो काढून मूठ वर ओढायची. निघत नसेल तर वरनं हातोडा मारू नका, खालनं दोन्ही बाजूंनी हलकं हलकं ठोकत वर आणायची. 

ग्लँड नट खोलताना एका हातानं नळाचं अंग दुसऱ्या पान्ह्यानं धरून ठेवायचं, हे फार महत्त्वाचं आहे आणि शंभरातले नव्याण्णव लोक हे करत नाहीत. हल्ली भिंतीत प्लॅस्टिकचा पाईप असतो, त्याच्या टोकाला पितळी आट्यांचा एल्बो. नट घट्ट बसलेला असला आणि नुसता नटावर जोर दिला की सगळा नळच फिरतो आणि आतला एल्बो तडकतो. मग दहा रुपयांच्या कामाला टाईल फोडायची वेळ येते.

नट वर सरकवला की खाली स्पिंडलभोवती एक खोलगट गाळा दिसतो, त्यातच पॅकिंग असतं. काकांच्या नळात टेफ्लॉनचे तुकडे आणि खाली काळा पडलेला जुना ग्रीसचा दोरा, दोन्ही एकावर एक. मागच्या माणसानं जुनं न काढता वरनं टेप गुंडाळलेला, आणि तोही उलट्या दिशेनं. ही दिशा लोक सोडून देतात म्हणून सांगतो. नट आवळताना घड्याळाच्या दिशेनं फिरतो, पॅकिंगही वरनं बघताना त्याच दिशेनं गुंडाळलेलं असलं तर नट त्याला अजून घट्ट पिळतो. उलटं गुंडाळलं की नट आवळताना त्याचं टोक धरून सोडवतो, आणि टेप नटाच्या कडेनं पांढऱ्या झालरीसारखा बाहेर येतो. अशी झालर दिसली की समजायचं काय झालंय.

जुनं पॅकिंग सगळं काढायचं, तळापर्यंत. टोकदार दाभणानं किंवा वाकवलेल्या बारीक तारेनं काढता येतं, फक्त स्पिंडलवर चरे पडू द्यायचे नाहीत, टोक बाहेरच्या भिंतीकडं ठेवायचं. मग स्पिंडल कापडानं पुसून बोट फिरवून बघायचं. गुळगुळीत लागला तर उत्तम. काकांच्या स्पिंडलवर क्षाराचा पांढरा थर आणि पकडीच्या दातांच्या दोन-तीन खुणा होत्या. थर गेला, खुणांच्या वरच्या कडा बारीक पॉलिश पेपरनं, चारशे नंबरच्या, गोल गोल फिरवून उतरवल्या. उभा घासायचा नाही, उभे चरे म्हणजे पाण्याला वर यायला आयते पाट. खूण खोल असेल, नखाला चांगली अडकत असेल, तर पॉलिश करून काही होणार नाही, स्पिंडल बदलायचा नाहीतर नळ.

आता पॅकिंग कशाचं? दुकानात ग्राफाईटचा दोरा मिळतो, ग्रीस लावलेला सुती दोरा मिळतो, दोन्ही चालतात. जुन्या लोकांकडं ॲस्बेस्टॉसची दोरी पडलेली असते, ती वापरू नका, तिचं सूत मोकळं झालं की बारीक तंतू श्वासात जातात. घरात टेफ्लॉन टेप असेल तर त्याचंही चांगलं पॅकिंग होतं, पण सपाट गुंडाळून नाही. साधारण दोन वीत टेप घ्यायचा, दोन्ही टोकं धरून पीळ देत दोऱ्यासारखा करायचा, मग तो गाळ्यात स्पिंडलभोवती तीन-चार वेढे, प्रत्येक वेढा बोथट स्क्रूड्रायव्हरनं खाली दाबत. गाळा काठोकाठ भरून किंचित वर आला पाहिजे, पण इतका नको की नटाचे आटेच धरणार नाहीत. नट हातानं दोन-तीन आटे तरी सहज खाली यायला हवा, मग पान्हा. नट पहिल्या आट्यावरच अडत असेल तर एक वेढा काढा, कारण तिरका धरलेला नट आटे खाऊन टाकतो आणि पितळेचे आटे एकदा गेले की गेले.

थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं, स्पिंडलला आणि पॅकिंगला. हे नुसतं मूठ हलकी फिरावी म्हणून नाही. कोरडं पॅकिंग स्पिंडलला चिकटून धरतं, आणि नळ उघडताना स्पिंडल उलटा फिरतो तेव्हा पॅकिंग आणि पॅकिंगबरोबर ग्लँड नटही थोडा थोडा उलटा सरकतो. रोज एक केसभर. महिन्यानं नट ढिला आणि गळती हजर. "परत परत ढिला होतो" म्हणतात त्यातलं बरंचसं हेच असतं. गाडीचं ग्रीस, खोबरेल, व्हॅसलिन हे आतल्या रबरी वायसरला लावू नका, तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

आपल्याकडं अजून एक आहे, पाऊस. कोल्हापूरला जून लागला की तीन-चार महिने बागेला पाणी घालायचा प्रश्नच नाही, नळ तसाच बंद. पॅकिंग एकाच जागी दबून सुकतं, क्षार धरतो, आणि दसऱ्याच्या सुमारास नळ पहिल्यांदा सोडला की सुकलेलं पॅकिंग स्पिंडलबरोबर फाटतं. म्हणून पावसाळ्यातही आठवड्यातनं एकदा नळ उघडझाप केला तर पॅकिंग जास्त टिकतं.

आता खालचा जोड. इथं जवळपास सगळे एकच गोष्ट करतात, आट्यांवर टेफ्लॉन. नोजलवाल्या नळाला खाली एक फिरता नट असतो, तो नोजलची कॉलर नळाच्या तोंडावर दाबून धरतो. पाणी अडतं ते आट्यांत नाही, कॉलर आणि नळाचं तोंड यांच्या मधल्या चपट्या वायसरवर. आटे फक्त दाबायचं काम करतात. म्हणून आट्यांवर अख्खं रीळ गुंडाळलं तरी वायसर नसेल किंवा बारीक असेल तर पाणी टेपातनं वाट काढून येणारच. टेप जास्त झाला की उलटं होतं, नट घट्ट लागल्यासारखा वाटतो पण वायसरपर्यंत दाब पोचतच नाही. टेप लागतो तो भिंतीकडच्या जोडाला, जिथं नळ एल्बोत बसतो, तिथं आट्यांतच पाणी अडवायचं असतं.

काकांच्या नटात वायसर होता, पण पातळ आणि मापानं लहान, एका बाजूला सरकून चिमटलेला. एका अंगाला दबलाय, दुसऱ्या अंगाला फट. असा वायसर घ्यायला जाताना नुसतं "अर्ध्या इंचीचा द्या" म्हणून मागू नका, कारण अर्ध्या इंची नळाला नोजलचा नट पाऊण इंची असू शकतो. नट आणि नोजल काढून खिशात घालून दुकानात जायचं, वायसर नटात टाकून बघायचा, कडेला टेकलेला पाहिजे आणि मधलं भोक नोजलच्या भोकापेक्षा लहान नको. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, मऊ रबर. प्लॅस्टिकचा कडक वायसर नवा असतानाच नीट दबत नाही. नट हातानं घट्ट, वर पान्ह्यानं थोडासा. त्याच्यापेक्षा जास्त लागत असेल तर वायसर चुकीचा आहे किंवा नळाचं तोंड खाऊन गेलंय, तोंडावर बोट फिरवून बघा, खड्डा असेल तर बारीक कानशीनं हलकं सपाट करता येतं.

नोजलवर पाईप बसतो तिथली गळती वेगळी. उन्हात पडून पाईपचं टोक कडक होतं आणि नोजलवर ताणून ताणून रुंद झालेलं असतं. ते टोक दोन इंच सरळ कापून टाकायचं, नवीन टोक मिनिटभर कडक गरम पाण्यात बुडवून मऊ झालं की नोजलच्या शेवटच्या कडेपर्यंत सारायचं. स्क्रूची स्टीलची क्लिप, पाईपच्या अगदी टोकाला नाही, नोजलच्या पहिल्या उंचवट्याच्या मागं बसली पाहिजे. तार पिळून बांधायची पद्धत आहे आपल्याकडं, तारेनं पाईप एका रेषेत कापला जातो आणि उन्हाळ्यात तो त्याच रेषेत फाटतो.

काकांच्या जोडाला खरा त्रास मात्र वेगळाच होता, आणि तो वायसर बदलून जाणारा नव्हता. काका पाईप धरून आंब्याच्या झाडापर्यंत जायचे, वाटेत घराचा कोपरा, पाईप कोपऱ्याला घासून ताणायचा आणि नोजल प्रत्येक वेळी एका बाजूला ओढलं जायचं. पाण्यानं भरलेला पाईप चांगला वजनदार होतो, तो अडीच फुटांवरनं लोंबकळला तरी वायसरवर एका अंगानं जोर येतो, आणि वर ओढ बसली की वायसर सरकतो. नळाच्या खाली भिंतीत एक हुक मारला, पाईप त्याच्यात अडकवून मग पुढं नेला, आता ओढ हुकावर बसते, नोजलवर नाही. आणि काकांना म्हटलं, काम झालं की गन सोडून चालायला लागू नका, आधी नळ बंद करा, मग गन एकदा दाबून आतलं प्रेशर सोडा. एप्रिल-मे मध्ये बंद पाईप उन्हात तापतो, मऊ पडतो, आतल्या प्रेशरनं फुगतो, क्लिपखालनं सैल होतो. काका म्हणाले, "एवढं लांब परत नळापर्यंत कोण येतंय?" मग मी जोडाकडं बोट दाखवलं.

सगळं जोडून झाल्यावर तपासायचं तेही गन बंद ठेवूनच. नळ पूर्ण सोडायचा, गन बंद, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं. स्पिंडलभोवती आणि जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळून बघा, बारीक ओलावाही कळतो. नवीन पॅकिंग पहिल्या काही दिवसांत बसतं, म्हणून थोडा ओलावा आला तर घाबरायचं नाही, ग्लँड नट अगदी किंचित आवळायचा. पहिल्याच दिवशी दम लावून आवळला तर मग आवळायला जागा उरत नाही.

हे सगळं करूनही गळत असेल तर स्पिंडल धरून बाजूला हलवून बघा. चांगला खुळखुळत असेल तर त्याचे आतले आटे झिजलेत, तो फिरताना डुगडुगतो आणि कुठलंही पॅकिंग एका बाजूनं ढिलं करतो. तिथं नवीन नळच घ्या. नळ बंद असताना तोंडातनं टिपटिप होतीय आणि नवा वायसर घातला तरी थांबत नाही, तर सीटवर चर पडलाय, तो नवा वायसर महिन्याभरात कापून काढतो. सीट घासायचं कटर काही प्लंबरकडं असतं, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडं नळाचं अंग नेऊन सीट सपाट करून मिळते, पण हे जुन्या वजनदार पितळी नळासाठी, हलक्या नळाचं पितळ इतकं पातळ असतं की घासायला खाली काही शिल्लकच नसतं.

आणि तुमचा नळ पाव फेऱ्यात उघडबंद होणारा, सिरॅमिकच्या चकत्यांचा असेल तर वरचं पॅकिंगचं सगळं विसरा, त्यात दोऱ्याचं पॅकिंग नसतं, सिरॅमिकच्या दोन चकत्यांची काडतुसासारखी एकच वस्तू असते आणि स्पिंडलला ओ-रिंग. तो स्पिंडलमधनं गळला तर ओ-रिंग बदलायची, मिळत नसेल तर आतली अख्खी काडतूस काढून तिच्याच मापाची दुसरी आणायची. प्लॅस्टिकच्या नळाला पान्हा लावायचाच नाही, नट हातानं जेवढा आवळेल तेवढाच. खालच्या जोडाचं मात्र, चपटा वायसर, क्लिप, हुक, सगळ्या नळांना सारखंच.